विचारायचा राहून गेलेला प्रश्न

गोठा जळाला तेव्हा मी नागपूरला एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होते. विषय रसायनशास्त्र. घर मध्य प्रदेशात. बाबा पांढुर्ण्याच्या शाळेत शिक्षक, आणि शेत मात्र सौंसरच्या पुढे, बोरगावच्या बाजूला. गोठ्यात त्या हंगामाचा वेचलेला सगळा कापूस होता आणि बैलजोडी होती. शेजारच्या शेतातल्या माणसांनी एका बैलाचे दावे कापले. दुसऱ्यापर्यंत कोणी पोचू शकले नाही. मी शनिवारी घरी आले, शेतावर गेले, आणि जे उरले होते ते नीट पाहिले. आईने डोळे मिटून घे म्हटले. मी मिटले नाहीत. ज्याचा हिशेब चुकता करायचा आहे ते आधी पूर्ण पाहून घ्यावे, असे मला त्या वेळी वाटले आणि आजही वाटते.

आग कोणी लावली याबद्दल घरात दुमत नव्हते. बाबांचे चुलतभाऊ, म्हणजे माझे काका, यांचे शेत आमच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून होते. विहीर सामाईक होती आणि पाण्याच्या पाळीवरून त्यांचा बाबांशी वाद चालू होता. आगीच्या आठवडाभर आधी विहिरीपाशी ते चार माणसांसमोर म्हणाले होते, "मास्तर, तुमचा कापूस घरी जाते कसा ते पाहतोच मी." आणि सुट्टीला आलेली मी तिथे उभी आहे हे पाहून पुढे म्हणाले, "ह्या पोरीले नागपूरले शिकवून राहिले न? शिकून काय करन थे? माह्यावर केस लावन का?"

केस पोलिसांनी लावली. आग लावून नुकसान केल्याचा आणि बैल मारल्याचा गुन्हा, सौंसरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. पण काकांचे ते वाक्य मी जपून ठेवले होते.

आग लावताना त्यांना कोणी पाहिले नव्हते. होती ती सगळी परिस्थिती. विहिरीवरची धमकी. आगीच्या सांजेला पत्र्याची डबकी घेऊन आमच्या गोठ्याकडून पांदणीच्या वाटेने येताना त्यांना पाहणारी एक मजूर बाई. तिसऱ्या दिवशी अटक झाली तेव्हा सरकारी डॉक्टरांना त्यांच्या उजव्या हातावर दिसलेला ताजा भाजल्याचा घाव आणि त्याभोवतीचे होरपळलेले केस. आणि त्यांच्या घरातून पंचांसमोर जप्त झालेले एक धोतर, ज्याच्या काठावर करपल्याच्या खुणा होत्या. ते सीलबंद होऊन सरकारी प्रयोगशाळेत गेले होते आणि त्यावर रॉकेलचा अंश सापडल्याचा अहवाल आला होता. माझा सगळा भरवसा त्या अहवालावर होता. मजूर बाई घाबरेल, पंच फिरतील, पण धोतराला कोणी दम देऊ शकत नव्हते.

खटला दीड वर्ष चालला. बाबांची साक्ष झाली, मजूर बाईची झाली (ती घाबरली नाही), डॉक्टरांची झाली, पंचांपैकी एक टिकला. प्रत्येक तारखेला मी नागपूरहून येत असे. वसतिगृहात माझ्या खोलीत वकिलीचा अभ्यास करणारी एक मुलगी राहत असे. तिची फौजदारी प्रक्रिया संहिता मी माझ्या पाठ्यपुस्तकांपेक्षा जास्त वाचली. सरकार पक्षाचा पुरावा संपला आणि पुढची तारीख 'अभियुक्त परीक्षण' म्हणून लागली, तेव्हा मी कलम तीनशे तेरा काढले.

त्या कलमाने मी प्रथम चिडले. इथे आरोपीला शपथ नाही. सरकारी वकिलाने त्याची उलटतपासणी घ्यायची नाही. प्रश्न न्यायाधीशच विचारणार. तो गप्प राहिला तरी शिक्षा नाही, खोटे बोलला तरी त्या खोट्याबद्दल शिक्षा नाही. मजूर बाईला शपथेवर उभी करून काकांच्या वकिलांनी दुपारभर सोलून काढले होते, आणि काकांना मात्र ही मऊ गादी! पण दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यातले तर्कशास्त्र दिसले. त्याच्याविरुद्ध पुराव्यात जे जे आले आहे ते एकेक करून, त्याला समजेल असे, त्याच्यासमोर ठेवायचे आणि म्हणायचे, तुला याचा खुलासा करायचा असेल तर कर. संधी त्याची आहे. खोलीतल्या मैत्रिणीने एक गोष्ट आणखी सांगितली: "जे त्याच्यासमोर ठेवलं नाही, ते निकालात त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही. वरची कोर्टं तेवढ्यावरून माणसं सोडतात."

तारखेच्या दिवशी बाबा आणि मी पांढुर्ण्याहून पहिल्या बसने सौंसरला उतरलो. कोर्टाच्या ओसरीवर काका आधीच बसले होते, शेजारी काकू. काकांच्या वकिलांचा मुनशी त्यांच्यापुढे उकिडवा बसून शिकवणी घेत होता.

"दादा, ध्यानात ठेवा. साहेब काही बी विचारो, एकच उत्तर. झूठ है. दुसरा शब्द तोंडातून निंगाला का फसले."

"आन् खरं विचारलं तं?"

"खरं विचारलं तं बी झूठ है. आपले सारे आसामी असंच सांगतेत."

काकांनी मला पाहिले. "काय वं, सायन्सवाली! आज कोनता वास घेवाले आली?"

"तुमचाच, काका," मी म्हणाले. बाबांनी माझा दंड धरून मला आत नेले.

न्यायदंडाधिकारी जबलपूरकडचे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. मराठी त्यांना कळत असे, बोलता येत नसे. त्यांच्यापुढे प्रश्नांचा कागद होता. तो आदल्या दिवशी पेशकाराने, म्हणजे कोर्टाच्या कारकुनाने, फाइलवरून काढून ठेवलेला असे, तशीच तिथली पद्धत होती. वाचण्याआधी त्यांनी काकांना समोर उभे केले.

"देखिए, आपसे शपथ नहीं ली जा रही है. जवाब देना न देना आपकी मर्ज़ी है. पर जो कहेंगे, वह फ़ैसले में देखा जा सकता है. समझे?"

"झूठ है," काका म्हणाले.

मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले. काकांच्या वकिलांनी वळून पाहिले. साहेबांनी पुन्हा समजावले, काकांनी मान हलवली, आणि प्रश्न सुरू झाले.

पहिला प्रश्न असा, की साक्षीत आले आहे की आपले शेत फिर्यादीच्या शेताला लागून आहे. काय म्हणणे आहे?

"झूठ है."

साहेबांनी चष्मा काढला. "खेत लगा हुआ नहीं है?"

काकांनी वकिलांकडे पाहिले. वकील फाइलमध्ये पाहत होते. "झूठ है, साहब."

फिर्यादी आपले चुलतभाऊ आहेत? झूठ है. विहिरीवर वाद होता? झूठ है. धमकी? झूठ है. मजूर बाईने पाहिले? झूठ है. एकाच आजोबांची नातवंडे असलेल्या दोन माणसांचे नाते असे भर कोर्टात तुटताना पाहून बाबांचा चेहरा पडला. मला मात्र आनंद होत होता. तो लपवण्याचे मला काही कारण दिसत नाही. एखादा पदार्थ सगळ्याच चाचण्यांना 'नाही' म्हणत असेल तर दोष चाचण्यांत नसतो, नमुना बनावट असतो, एवढे आम्हांला पहिल्या वर्षी शिकवतात. जो खऱ्यालाही खोटे म्हणतो त्याने खोट्याला खोटे म्हटले तरी त्याची किंमत उरत नाही, हे त्या माणसाला कोणीच सांगितले नव्हते.

मग डॉक्टरांची साक्ष. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा घाव होता, काय म्हणणे आहे?

"झूठ है. हात जला ही नहीं."

ते बोलताना काकांनी हात कठड्यावर ठेवला होता आणि सदऱ्याची बाही वर सरकली होती. चमकदार, ओढलेल्या कातडीचा तो पट्टा मला मागच्या बाकावरून दिसत होता. साहेबांनी तो पाहिला, पुष्कळ वेळ पाहिला, आणि शांतपणे विचारले, "फिर यह निशान किस चीज़ का है?"

"मालूम नहीं."

उत्तर जसेच्या तसे लिहून घेतले गेले. जप्त झालेले धोतर? "झूठ है, मेरा नहीं है." साक्षीदार तुमच्याविरुद्ध का बोलतात? "रंजिश," म्हणजे वैर. बचावात साक्षीदार द्यायचे? काकांच्या वकिलांनी बसल्या जागी मान हलवली. "नहीं." मग सगळे वाचून दाखवण्यात आले आणि काकांनी त्याच हाताने प्रत्येक पानावर सही केली.

बाबांनी सुस्कारा टाकला. मी नाही टाकला. प्रयोगशाळेच्या अहवालाचा प्रश्न आलाच नव्हता. धोतर जप्त झाले हे विचारले, त्यावर काय सापडले हे विचारायचे पेशकाराच्या कागदावर राहून गेले होते. आणि कोणाच्या लक्षातही आले नव्हते.

मी सरकारी वकिलांना बाहेर गाठले. ते चहाच्या टपरीवर सुपारी कातरत उभे होते.

"अहवालावरचा प्रश्न राहिला, साहेब."

"अहो बाई, अहवाल फायलीत आहे न. कुठं पळून जाऊन राहिला का?"

"फाइलीत असून उपयोग नाही. आरोपीसमोर ठेवला नाही तर त्याच्याविरुद्ध वाचता येणार नाही. इथे वाचला तरी छिंदवाड्याला अपिलात टिकणार नाही."

त्यांचा अडकित्ता थांबला. "वकिली शिकून राहिल्या का?"

"नाही. रसायनशास्त्र."

"मंग हे समजते का, का अजून प्रश्न विचारा म्हटलं म्हणजे त्याले अजून एक मोका दिला? आज तो झूठ है म्हणून गेला. उद्या त्याचा वकील त्याले पढवून आणन."

"पढवू द्या."

त्यांनी सुपारीचा तुकडा तोंडात टाकला. मग म्हणाले, "तुमचे बाबा काय म्हणतेत?"

"त्यांना अजून सांगितले नाही."

सांगितले तेव्हा बाबा बसमध्ये माझ्याशी बोलले नाहीत. पांढुर्ण्याला उतरल्यावर म्हणाले, "तो बुडत होता. तू त्याला हात दिलास." मी म्हणाले की हात नव्हे, आणखी एक उत्तर देण्याची जागा दिली आहे, आणि ज्याने आधी इतकी उत्तरे देऊन ठेवली आहेत त्याला नवे उत्तर देणे सोपे जात नाही. मला खात्री होती का? पूर्ण नव्हती. त्या पंधरवड्यात मी नागपूरला प्रयोगशाळेत काचेची भांडी घासत, ब्युरेट भरत एकच गोष्ट डोक्यात फिरवत होते: काकांना वाचवणारे उत्तर अस्तित्वात होते. ते मला दिसत होते. विहिरीवर वीज नसताना चालवायचे त्यांचे जुने रॉकेल इंजिन होते. रॉकेल तिथे दर घरात होते. 'धोतर माझे आहे, इंजिनात रॉकेल भरताना सांडले, सायलेन्सरला हात लागला' एवढे पहिल्याच दिवशी म्हणाले असते तर शंका निर्माण झाली असती, आणि शंकेचा फायदा आरोपीचा असतो. त्या हंगामात ते इंजिन बंद पडलेले होते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक होते, पण पुराव्यात कोणी आणले नव्हते. आणि पुराव्यात नाही ते कोर्टाच्या दृष्टीने जगातच नाही.

सरकारी वकिलांनी अर्ज दिला. काकांच्या वकिलांनी हरकत घेतली, की परीक्षण संपले आहे. साहेब म्हणाले, आरोपीला कोणत्याही टप्प्यावर विचारता येते, आणि न विचारणे हे त्याच्यावरच अन्याय करणारे ठरेल. तारीख लागली.

या वेळी ओसरीवर मुनशी नव्हता. स्वतः वकील काकांशी बोलत होते, हळू आवाजात, बराच वेळ. काका माझ्याकडे पाहून हसले. ते हसू मी ओळखत होते. विहिरीवरचेच होते.

"पोरी," ते म्हणाले, "तुह्या मुळं मले आज मोकळं बोलाले भेटून राहिलं. उपकार झाले बाप्पा!"

आत साहेबांनी पुन्हा तीच समज दिली आणि विचारले: आपल्या घरातून जप्त झालेल्या धोतरावर रॉकेलचा अंश आणि जळाल्याच्या खुणा आढळल्याचा अहवाल आहे. याबद्दल काय म्हणायचे आहे?

काका ताठ उभे राहिले. या वेळी ते मराठीत, भरभरून बोलले.

"साहेब, धोतर माहंच आहे. कास्तकार मानूस आहो मी. विहिरीवर इंजिन आहे, त्यात रॉकेल भराव लागते. भरता भरता सांडलं. सायलेन्सर तपेल होता, त्याले हात लागला, धोतराचा काठ बी करपला. एवढीच गोष्ट आहे."

उत्तम उत्तर होते. मी मनातल्या मनात त्यातली प्रत्येक ओळ तपासली आणि एकही सांधा निखळलेला नव्हता. फक्त ते पहिले उत्तर असायला हवे होते.

साहेबांनी मागची पाने उलटली. लेखणी खाली ठेवली. "पिछली बार आपने कहा था कि धोती आपकी नहीं है."

काकांनी कठडा धरला.

"और यह कि हाथ जला ही नहीं. निशान मालूम नहीं किस चीज़ का है."

काकांनी वकिलांकडे पाहिले. वकील उठून काही बोलू लागले तेव्हा साहेबांनी हात वर केला. "जवाब इन्हें देना है. न देना चाहें तो न दें." पंखा घरघरत होता. सरकारी वकिलांना बोलायचा अधिकार नव्हता, त्यांनी नुसता अडकित्ता खिशात टाकला. माझ्याकडे विचारायला किती प्रश्न होते! मी एकही विचारू शकत नव्हते, आणि पहिल्यांदाच मला त्याची गरज वाटली नाही.

"थे झूठ होतं," काका शेवटी म्हणाले.

"कौन सा? पहले वाला या आज वाला?"

काकांनी उत्तर दिले नाही. तेही लिहून घेतले गेले: आरोपी गप्प राहिला.

निकाल महिनाभराने लागला. साहेबांनी तो काळजीपूर्वक लिहिला होता. आरोपीच्या खोट्या उत्तरांवरून गुन्हा सिद्ध होत नाही, त्याचे ओझे सरकार पक्षावरच असते, हे आधी सांगून त्यांनी धमकी, मजूर बाई, डॉक्टर, धोतर, अहवाल अशी प्रत्येक परिस्थिती स्वतंत्रपणे सिद्ध झाली का ते तपासले होते. सगळ्या सिद्ध झाल्यावर, आणि मगच, ते काकांच्या उत्तरांकडे वळले होते. ज्याच्याकडे खरा खुलासा असतो तो पहिल्याच वेळी देतो. इथे आरोपीने उघड दिसणारी जखम नाकारली, मग तिचे कारण सांगितले. कपडा नाकारला, मग आपला म्हटला. साखळीत ही आणखी एक कडी. दोन वर्षे सक्तमजुरी आणि दंड.

काका जामिनावर होते आणि अपिलासाठी त्यांना मुदत मिळणार होती, म्हणून जामिनाचे कागद होईपर्यंत त्यांना आत बसवून ठेवले. बाबा कोणाचाही निरोप न घेता बसस्टँडकडे निघून गेले. मी ओसरीवर थांबले. मला बघायचे होते.

काकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्याशी माझे भांडण कधीच नव्हते. लहानपणी त्यांच्याकडच्या संत्र्यांचा पहिला तोडा आमच्या घरी येत असे. त्यांनी पदराने तोंड पुसले आणि विचारले, "तूच विचाराले लावलं न थे?"

"हो, काकू."

"मंग एक सांग मले. त्याईनं काय म्हनाले पाह्यजे होतं?"

मी त्यांच्या शेजारी बसले आणि सांगितले. सावकाश, एकेक पायरी, जसे पुढे अनेक वर्षे विद्यार्थ्यांना सांगत आले. शेत लागून आहे का, हो. भाऊ आहेत का, हो. वाद होता का, होता. धमकी दिली नाही. हात भाजला होता का, हो, इंजिनाने. धोतर माझे का, हो, रॉकेल इंजिनाचे. बाई म्हणते मी पांदणीत दिसलो, दिसलो असेन, माझ्याच शेताचा रस्ता आहे, डबकीत इंजिनाचे रॉकेल होते. जे खरे आहे ते मान्य करायचे आणि त्यातून काढलेला अर्थ नाकारायचा. आणि मग इंजिन चालू होते असे सांगणारा मिस्त्री साक्षीला आणायचा.

काकू ऐकत होत्या. मध्ये त्यांनी एकदा बोटावर काहीतरी मोजल्यासारखे केले आणि सोडून दिले.

"अस्सं म्हटलं असतं तं सुटले असते?"

"बहुतेक सुटले असते."

"आता अपिलात सांगू न मंग वकिलाले, का असं सांगा म्हनून?"

"अपिलात नवीन उत्तर देता येत नाही, काकू. दिलेली उत्तरेच तिथे वाचतात."

त्यांनी कोर्टाच्या दाराकडे पाहिले. मग माझ्याकडे वळल्या. आवाजात राग नव्हता, फक्त समजून घेण्याची धडपड होती. "तुले इतकं सारं ठाव होतं, तं पहिलेच काहून नाई सांगतलं, माय?"

"पहिले मला कोणी विचारले नाही," मी म्हणाले.

आतून मुनशीने काकांच्या सहीसाठी हाक मारली. दारातून त्यांचा उजवा हात कागदाकडे जाताना दिसला, बाही या वेळी मनगटापर्यंत ओढून बटण लावलेली होती. मी उठले, साडी झटकली आणि नागपूरची बस धरली.